आरपीएम घसरला म्हणजे नक्की काय घसरलं?

माझी एक मैत्रीण यूट्यूबवर मराठी रेसिपी चॅनेल चालवते. फेब्रुवारीत तिचा फोन आला. "अगं, जानेवारीत व्ह्यूज दुप्पट झाले आणि आरपीएम ६६ वरून ४० वर आला! रेसिपी सोडून गुंतवणुकीवर व्हिडिओ करू का?" मी म्हटलं, थांब, आधी आकडे फोडून बघू.

आरपीएम म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे यूट्यूबचा वाटा कापून हाती येणारी रक्कम. छेदात सगळे व्ह्यूज येतात, जाहिरात न दिसलेलेसुद्धा. आणि जाहिरातीचा भाव ठरतो लिलावात. समोरचा प्रेक्षक ग्राहक होण्याची शक्यता किती आणि झाला तर फायदा किती, यावर जाहिरातदार बोली लावतो.

विषय, देश आणि महिना या तिन्हींचा परिणाम या बोलीतूनच होतो. गृहकर्जाचा एक ग्राहक बँकेला वर्षानुवर्षं व्याज देतो, मसाल्याचं पाकीट घेणारा काही रुपयांचा नफा देतो. म्हणून कर्जाच्या व्हिडिओवर बोली चढते. अमेरिकेतला ग्राहक डॉलरमध्ये खर्च करतो, त्यामुळे तीच पुरणपोळी न्यू जर्सीत पाहिली गेली तर जास्त पैसे मिळतात. नाताळच्या खरेदीसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिकडचे जाहिरातदार तुटून पडतात. जानेवारीत प्रेक्षक तेवढेच असतात, पण बोली लावणारे कमी होतात. भारतात असा चढ दिवाळीच्या आधी येतो.

आता मैत्रिणीचे आकडे बघा (सोयीसाठी गोल केलेत). डिसेंबरमध्ये भारतातून ९० हजार व्ह्यूज, आरपीएम ४० रुपये. अमेरिकेतून १० हजार, आरपीएम ३०० रुपये. कमाई ३,६०० + ३,००० = ६,६०० रुपये, म्हणजे एकूण आरपीएम ६६.

जानेवारीत तिळगुळाचा व्हिडिओ इथे जोरात चालला. भारतातून १ लाख ९० हजार व्ह्यूज झाले, अमेरिकेतून तेवढेच १० हजार. आरपीएम अनुक्रमे ३२ आणि २००. कमाई ६,०८० + २,००० = ८,०८० रुपये, एकूण आरपीएम ४०.४. म्हणजे घसरण २५.६ रुपयांची, पण कमाई मात्र वाढलेली!

यातली भाव पडल्यामुळे किती आणि प्रेक्षकांचं मिश्रण बदलल्यामुळे किती? समजा, दोन्ही देशांतले भाव डिसेंबरचेच राहिले आणि फक्त मिश्रण बदललं. तर कमाई ७,६०० + ३,००० = १०,६०० आणि आरपीएम ५३. म्हणजे कोणताही भाव एक पैसाही न पडता १३ रुपये गेले असते. उरलेले १२.६ भावामुळे.

पण इथे एक खोच आहे. हाच हिशोब उलट्या क्रमाने करा, म्हणजे आधी भाव पाडा आणि मग मिश्रण बदला. डिसेंबरच्या मिश्रणावर जानेवारीचे भाव लावले की आरपीएम ४८.८ येतो. आता भावाचा वाटा १७.२ आणि मिश्रणाचा ८.४! डेटा तोच, उत्तर वेगळं. एव्हलिन किटागावा यांनी १९५५ मध्ये लोकसंख्याशास्त्रातल्या दरांसाठी मांडलेली पद्धत इथे कामी येते. दोन्ही क्रमांची सरासरी घ्यायची. भाव १४.९, मिश्रण १०.७, बेरीज बरोबर २५.६.

हे स्वतः करायचं तर यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये `Advanced mode` उघडा, `Geography` निवडा आणि दोन महिन्यांचे व्ह्यूज आणि कमाई देशवार उतरवून घ्या. प्रत्येक देशाचा आरपीएम जवळपास स्थिर आणि एकूण मात्र खाली, असं दिसलं तर मिश्रण बदललंय. सगळ्याच देशांत पडला असेल तर गेल्या वर्षीचा जानेवारी काढून बघा. तेव्हाही डिसेंबरच्या मानाने असाच पडला असेल तर तो हंगाम असण्याची शक्यता जास्त.

या फोडणीची मर्यादाही लक्षात ठेवा. घसरण कुठल्या गटात झाली ते ती सांगते, का झाली ते नाही. शिवाय देशाच्या आतही मिश्रण असतं. तिळगुळाचा व्हिडिओ लहान असेल तर त्यात मधल्या जाहिराती बसतच नाहीत (त्यासाठी निदान ८ मिनिटं लागतात), आणि मग भारताचा ४० वरून ३२ हा 'भाव' अर्धवट मिश्रणच निघतो.

विषय बदलण्याचा प्रश्नही इथेच अडकतो. गुंतवणुकीच्या चॅनेलचा आरपीएम जास्त दिसतो, पण त्यांचा प्रेक्षक वेगळ्या वयाचा आणि वेगळ्या शहरांतला असतो. तिचे रेसिपीचे प्रेक्षक तिच्यामागे तिकडे जातील का, हे दोन चॅनेलच्या तुलनेतून कळत नाही. तिने पुढच्या डिसेंबरपर्यंत रेसिपीच करायचं ठरवलंय, फक्त आता देशवार तक्ता ठेवून.