गुण कितीपैकी?

गेल्या महिन्यात एका रात्री नगरहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, व्हॉट्सॲपवर पोराच्या पेपरचे सहा फोटो टाकलेत. शाळेने उत्तरपत्रिका फक्त बघायला दिली होती, त्याने पटकन मोबाइलवर काढून घेतली. गुण अजून टाकलेले नाहीत. किती पडतील, जरा सांगा ना." प्रश्नपत्रिका मागितली तर ती तो रिक्षात विसरला होता. पेपर कितीचा होता? "वीसचा असेल नाहीतर चाळीसचा."

दहावीचं गणित शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. 2020 आणि 2021 मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा मोबाइलवरचे फोटो बघून आम्ही ढीगभर पेपर तपासले. पण त्या वेळी आदर्श उत्तरपत्रिका शेजारी उघडी असायची आणि कोणत्या पायरीला किती गुण हे ठरलेलं असायचं. इथे दोन्ही नव्हतं. अशा वेळी शिक्षकाचा हात आपोआप एका आकड्याकडे जातो, "पंधरा-सोळा पडतील." हा आकडा सांगायचा मोह मी आवरला. तो का आवरला, ते त्या पेपरातल्या एका गणितावरून सांगतो.

आधी फोटोंचं बघू. सहा फोटो आले म्हणजे सहा पानं क्रमाने आली असं नसतं. एका पानाची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ जुळवून मी क्रम लावला, तेव्हा तिसरा फोटो पाचव्या जागी गेला. दोन फोटोंत डावा समास कापला गेला होता. प्रश्नक्रमांक समासातच लिहिलेला असतो, त्यामुळे ही कापाकापी सर्वांत महाग पडते. बोर्डाच्या गणिताच्या 40 गुणांच्या आराखड्यात दुसऱ्या प्रश्नातल्या 'ब' भागाचं उदाहरण 2 गुणांचं, तिसऱ्यातल्या 'ब'चं 3 गुणांचं आणि चौथ्यातलं 4 गुणांचं असतं. समासातला तो एक आकडा दिसला असता, आणि शाळेने बोर्डाचाच आराखडा वापरला असता, तर गुण कितीपैकी हे कळायला वाव होता. मी मुलाला कापलेल्या पानांबद्दल विचारलं. त्याच्याकडे दुसरे फोटो नव्हते.

आता ते गणित. उत्तरावरून प्रश्न उघड होता: आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा 7 मीटरने जास्त, क्षेत्रफळ 120 चौरस मीटर, तर लांबी आणि रुंदी काढा. मुलाने लिहिलं होतं: रुंदी x मी. मानू, म्हणून लांबी (x + 7) मी. मग x(x + 7) = 120. त्याच्या खालची ओळ फोटोत अशी दिसत होती:

x² + 7x 120 = 0

मधलं चिन्ह गायब. घाईने तपासणारा इथेच लाल रेघ मारून मोकळा होईल. पण रेघी कागदावर वजाबाकीचं चिन्ह अनेकदा बरोबर छापील रेघेवर पडतं, आणि फोटोत ती आडवी रेघ आणि हे चिन्ह एकजीव होतात. त्यात कागद उजळ करून काळा-पांढरा बनवणारं ॲप वापरलं असेल तर पेन्सिलीची फिकट अक्षरं आणि बारीक ठिपके पुसून जातात. दशांशचिन्ह तर हमखास जातं. असं झालंय की नाही, हे ओळखायला पुढची ओळ बघायची. पुढे होतं:

x² + 15x − 8x − 120 = 0
(x + 15)(x − 8) = 0

ही ओळ रेघेच्या जरा वर लिहिलेली होती, त्यामुळे सगळी चिन्हं स्वच्छ होती. आधीच्या ओळीत 120 च्या मागे वजा नसतं, तर त्यातून −120 निघालंच नसतं. चिन्ह कागदावर असणार, फोटोने ते खाल्लं. इथे मुलाचा एक कणही गुण कापायचा नाही.

त्याखालची ओळ होती: x = 15 किंवा x = −8. अवयवांवरून मुळं −15 आणि 8 यायला हवीत. मग इथेही 15 च्या मागचं वजा फोटोने गिळलं का? मनात पहिल्यांदा तेच आलं, आणि खरं सांगायचं तर मला तसंच हवं होतं, पुतण्याचाच पेपर ना. पण 8 च्या मागे एक ठळक वजा उभं होतं, आणि पुढच्या ओळीत त्याने स्वतः लिहिलं होतं: "रुंदी ऋण नसते म्हणून x = −8 घेता येत नाही." म्हणजे चिन्हांची अदलाबदल त्याच्याच हातून झालेली. ज्या खुणेने त्याला वर वाचवलं, तिनेच इथे पकडून दिलं. पुढची ओळ बघायची ती दोन्ही वेळा, आपल्या मनासारखं निघो वा न निघो.

आणि शेवटी त्याने लिहिलं: लांबी 15 मी., रुंदी 8 मी.

उत्तर बरोबर! आता काय करायचं? x म्हणजे रुंदी हे त्याने पहिल्याच ओळीत म्हटलंय. x = 15 धरलं तर रुंदी 15 आणि लांबी 22 यायला हवी. त्याने 15 आणि 8 हे दोन आकडे समोर पाहिले, गुणाकार 120 आणि फरक 7 जुळला आणि योग्य जागी बसवले. डोकं चाललं, पण मांडणी तुटली.

गुण देण्याआधी मी त्याचं उत्तर बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर स्वतः गणित सोडवून पायऱ्या लिहिल्या. हा क्रम मी कधी मोडत नाही. उत्तर वाचता वाचता पायऱ्या ठरवल्या की त्या नकळत त्या उत्तराच्या मापाच्या होतात, सुवाच्य अक्षराला सैल आणि गचाळ अक्षराला घट्ट. चार गुण धरले तर माझी वाटणी अशी झाली: मानणं आणि लांबी x मध्ये मांडणं 1, समीकरण 1, अवयव 1, आणि मुळं काढून अयोग्य मूळ सोडून एककासह उत्तर 1. पहिले तीन गुण त्याचे निर्विवाद. चौथ्यात अर्धा गुण मुळांचा, तो गेला. उरला निष्कर्षाचा अर्धा.

याच अर्ध्यावर दोन प्रामाणिक परीक्षक भांडतील. चूक एकदाच कापायची, तीच चूक पुढच्या पायऱ्यांत पुन्हा पुन्हा कापायची नाही, हा आमचा रिवाज आहे. त्या हिशेबाने त्याने 15 आणि 22 लिहिलं असतं, तर मी तो अर्धा दिला असता, कारण स्वतःच्या x शी तो इमानदार राहिला असता. 15 आणि 8 हे उत्तर बरोबर आहे, पण त्याच्या कामातून निघत नाही. मी तो अर्धा दिला नाही. दुसरा देईल, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही. म्हणून मी 4 पैकी 3 लिहिले, आणि शेजारी "साडेतीनही पडू शकतात" असं कारणासह लिहिलं.

हा फरक आमच्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या हुबेहूब प्रती काढून शाळांमध्ये पाठवल्या. शंभराहून जास्त शिक्षकांनी ती तपासली. 1913 साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा 100 पैकी तिशीच्या आतले गुण देणारेही निघाले आणि नव्वदीच्या पुढचे देणारेही. भूमितीत तरी एकमत असेल, हा समज तिथेच मोडला. कुणी नीटनेटकेपणाचे गुण कापले होते, कुणी कापले नव्हते. काय मोजायचं हे न ठरवता प्रत जशीच्या तशी हातात दिली की असं होतं, आणि फोटोही तशीच एक प्रत असतो.

एका गणिताचं झालं, आता पूर्ण पेपरचं बघा. बेरीज करायला प्रत्येक उत्तराचं वजन लागतं. समजा तीन उत्तरांपैकी दोन पूर्ण बरोबर आहेत आणि एक अर्धं. तिन्ही समान धरली तर 83 टक्के होतात. पण बरोबर आलेली दोन 1 आणि 2 गुणांची असतील आणि अर्धवट राहिलेलं 4 गुणांचं असेल, तर 7 पैकी 5, म्हणजे 71 टक्के. मुलाने एक अक्षरही बदललेलं नाही आणि बारा टक्के गेले.

याहून मोठी अडचण अशी की उत्तरपत्रिका फक्त लिहिलेलं दाखवते. न सोडवलेला प्रश्न तिच्यात कुठेच नसतो. पाच उत्तरं लिहिली आहेत हे मी शपथेवर सांगेन, पण विचारले पाच होते की आठ, हे कागदावर नाही. विकल्प असतील तर "कोणतेही चार" हेही तिथे नाही. म्हणून अशा पेपरला टक्केवारी द्यायचीच नाही असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक उत्तराचं वेगळं मोजमाप द्यायचं, ते कितीपैकी धरलं हे सांगायचं, आणि बेरजेची जागा रिकामी ठेवायची.

वहिनींना मी तसंच पाठवलं. पाच उत्तरांच्या पाच ओळी, प्रत्येकापुढे धरलेले गुण, मिळालेले गुण आणि गेलेल्या गुणाचं कारण. चौथ्या पानाच्या तळाशी अंगठ्याखाली झाकलेल्या दोन ओळींपुढे "दिसत नाही, तपासलं नाही" असं लिहिलं. तिथे काय असेल ते वरच्या ओळींवरून मला कळत होतं, पण ते मुलाने लिहिलेलं नव्हतं, मी मनात लिहिलेलं होतं. वहिनी जरा नाराज झाल्या. "म्हणजे एकूण सांगणार नाही?" मी म्हटलं, "वहिनी, प्रश्नपत्रिका मिळवा, पाच मिनिटांत सांगतो."

दोन दिवसांनी एका मैत्रिणीची प्रश्नपत्रिका मागून पोराने फोटो पाठवला. पेपर 20 गुणांचा होता. बागेचं गणित 4 नव्हे, 3 गुणांचं होतं. मी 4 पैकी 3 चं गुणोत्तर काढून सव्वादोन लिहिले नाहीत, पाव गुण आम्ही देतही नाही. पायऱ्या नव्याने वाटल्या: मांडणी आणि समीकरण मिळून 1, अवयव 1, मुळं आणि उत्तर 1. त्याला 2 पडले. आणि सगळ्यात खाली, उत्तरपत्रिकेत ज्याचा मागमूसही नव्हता असा एक 2 गुणांचा सहावा प्रश्न होता.

"हा का नाही सोडवलास रे?" मी फोनवर विचारलं.

"काका, तो पानामागे होता," तो म्हणाला.