दातांचे उपचार आणि घाबरलेले मूल : वायू की सिरप?

दातांच्या उपचाराला घाबरणाऱ्या मुलाला शांत करण्यासाठी नाकावाटे नायट्रस ऑक्साइड वायू किंवा तोंडावाटे मिडाझोलॅमसारखे औषध देतात. दोन्हींत मुलाला पूर्ण बेशुद्ध करायचे नसते, त्यामुळे हिरडीत भुलीचे इंजेक्शन द्यावेच लागते. महत्त्वाचा फरक असा, की वायूचे प्रमाण केव्हाही कमी करता येते. पोटात गेलेले औषध परत घेता येत नाही.

समजा, सहा वर्षांच्या मुलीच्या दाढेत खोल कीड आहे. सुई पाहून ती रडते, पण समजावले की ऐकते. तिच्यासाठी वायूच योग्य. नाकावर मऊ मास्क ठेवून आधी नुसता ऑक्सिजन देतात, मग नायट्रस ऑक्साइड थोडाथोडा वाढवतात. सहसा 50 टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. काही मिनिटांत तिचे खांदे सैल पडतात, बोटांना मुंग्या येतात, उत्तरे सावकाश येतात. उत्तर येईनासे झाले किंवा मळमळू लागले, तर प्रमाण जास्त झाले असे समजून ते लगेच उतरवतात. शेवटी निदान पाच मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देतात, कारण रक्तातून वेगाने बाहेर पडणारा वायू फुप्फुसातला ऑक्सिजन विरळ करतो.

सर्दीने नाक चोंदले असेल किंवा मूल मास्क लावूच देत नसेल, तर हा मार्ग चालत नाही. कानाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल तरीही नाही. वायू कानाच्या बंद पोकळीत शिरून दाब वाढवतो.

मास्क झिडकारणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी सिरपचा विचार होतो, पण आधी निवड कडक हवी. मूल एरवी निरोगी असावे. मोठे टॉन्सिल किंवा झोपेत घोरणे ही धोक्याची खूण, कारण गुंगीत श्वासमार्ग आणखी अरुंद होतो. सहा तास आधी हलके खाणे व दूध, दोन तास आधी पाणीही बंद. डोस वजनावर ठरतो : किलोला 0.5 मिलिग्रॅम धरल्यास 14 किलोच्या मुलाला 7 मिलिग्रॅम. औषध दवाखान्यातच द्यायचे, घरी कधीच नाही. मुलाने थुंकले तरी पुन्हा देत नाहीत, कारण पोटात किती गेले हे कळत नाही. काही मुले शांत होण्याऐवजी उलट चिडतात. तेव्हा काम थांबवणेच शहाणपणाचे.

सिरपनंतर मुलावर नजर ठेवायला एक प्रशिक्षित व्यक्ती हवी, जिच्याकडे दाताचे मुख्य काम नाही. बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी दाखवतो, पण श्वास थांबल्यावर त्यावरचा आकडा उतरायला वेळ लागतो. कॅप्नोग्राफ बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतो, म्हणून श्वास अडल्याचे लगेच कळते. हाताशी ऑक्सिजन, सक्शन, मुलाच्या मापाची श्वास देण्याची पिशवी आणि मिडाझोलॅमवरचा उतारा फ्लुमाझेनिल असावा. उताऱ्याचा परिणाम लवकर ओसरून गुंगी परतू शकते, म्हणून तो दिल्यावरही मुलाला बराच वेळ थांबवून ठेवतात.

मूल नीट जागे होऊन बोलेपर्यंत घरी सोडत नाहीत. गाडीत दोन मोठी माणसे असलेली बरी : एक चालवायला, दुसरे मुलाची मान पुढे झुकून श्वास अडत नाही ना, हे पाहायला.