यष्टीतली गर्दी आणि कंटेनरमधली पोकळी

शहापूरहून किन्हवलीला संध्याकाळच्या यष्टीने कधी आलाय? गाडी खचाखच भरलेली असते, दांडीला हात पोचत नाही, पण वळणावर कोणी पडत नाही. कारण पडायला जागाच नसते! तीच गाडी दुपारी अर्धी रिकामी असली की ड्रायव्हरने ब्रेक मारल्याबरोबर मागचा माणूस पुढच्या सीटपर्यंत येतो. कंटेनरमध्ये माल कसा भरावा याचं निम्मं शास्त्र यात आलं. उरलेलं निम्मं मी गेल्या उन्हाळ्यात मुरबाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनिंगला असताना शिकलो.

त्या कारखान्यातून लोखंडी सुट्या भागांच्या पेट्या २० फुटी कंटेनरमध्ये भरून न्हावाशेवा बंदरात आणि तिथून युरोपला जायच्या. एक दिवस तिकडून फोटो आला. कंटेनरचं दार उघडलेलं, शेवटचं पॅलेट बाहेर कललेलं आणि खाली फुटलेली पेटी. दार उघडणारा माणूस बाजूला उभा होता म्हणून वाचला. आमच्याकडे सगळे म्हणाले, "अहो, आम्ही तर बेल्ट घट्ट बांधला होता!" बांधला होता हे खरं होतं. मग माल हलला कसा?

आधी एक प्रयोग करा. होस्टेलच्या टेबलावर एक मीटर लांबीची फळी ठेवा, तिच्यावर लाकडाचा खरखरीत ठोकळा ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. साधारण ४० सेंटीमीटरवर ठोकळा घसरेल. म्हणजे घर्षणाचा गुणांक सुमारे ०.४५. करवतीने कापलेल्या लाकडाचं पॅलेट कंटेनरच्या प्लायवूडच्या जमिनीवर असेल तर हाच आकडा धरतात. प्लॅस्टिकचं पॅलेट असेल तर ०.२, म्हणजे ते २० सेंटीमीटरवरच घसरेल.

आता समुद्र किती उचलतो ते बघा. आयएमओ, आयएलओ आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून २०१४ साली सीटीयू कोड काढला. त्यानुसार खुल्या समुद्रात मालावर आडवा जोर त्याच्या वजनाच्या ०.८ पट धरायचा. आपल्या फळीच्या भाषेत टोक ६२ सेंटीमीटर उचलण्याइतका! त्यात हा हेलकावा एकदाच येत नाही. १५ सेकंदांना एक धरला तरी दिवसाला ५,७६० होतात. प्रत्येक हेलकाव्यात माल एक मिलिमीटर सरकला तरी काय होईल, हिशोब करा.

आमच्या कंटेनरचा हिशोब असा. आतली रुंदी २.३५ मीटर, लांबी ५.९ मीटर. पॅलेट १.१ मीटर चौरस, प्रत्येकाचं वजन १.२ टन. आडवी दोन, लांबीत पाच, अशी दहा पॅलेट, म्हणजे १२ टन. रुंदीत १५ सेंटीमीटर पोकळी उरते, लांबीत ४०. आडव्या जोरातून घर्षण वजा केलं की ०.८ उणे ०.४५, म्हणजे ०.३५ उरतं. शेजारच्या दोन पॅलेटचं वजन २.४ टन, म्हणून प्रत्येक जोडीला ८४० किलोचा जोर कशाने तरी अडवायला हवा.

आमच्या माणसांनी प्रत्येक जोडीवरून एक रॅचेट बेल्ट टाकून खालच्या कड्यांना आवळला होता. समजा बेल्टला ४०० किलो ताण आला. दोन्ही बाजू मिळून पेटीवर फार तर ८०० किलो दाब पडतो. पण वरून टाकलेला बेल्ट माल अडवत नाही, तो फक्त घर्षण वाढवतो. ८०० चे ०.४५ म्हणजे ३६० किलो. हवे होते ८४०! शिवाय पेटीचं लाकूड थोडं दबलं की बेल्ट सैल होतो आणि ते ३६०ही जातात. आणखी ताणावं म्हटलं तर जमिनीतली कडी आयएसओ प्रमाणानुसार किमान १ टनाचीच धरायची. म्हणजे घट्ट बांधण्यालाही मर्यादा आहे.

याउलट भिंत बघा. २८ टन माल नेणाऱ्या कंटेनरची बाजूची भिंत त्याच्या ०.६ पट, म्हणजे जवळपास १७ टन जोर सहन करते, फक्त तो सगळीकडे सारखा पसरलेला हवा. आमच्या १२ टनांचा उरलेला जोर ४.२ टनच. भिंत फुकट मिळते आणि ती सैल होत नाही! म्हणून दोन्ही रांगा दोन्ही भिंतींना चिकटवायच्या आणि १५ सेंटीमीटरची पोकळी मधोमध घ्यायची. तिच्यात डनेज बॅग, म्हणजे हवेची पिशवी, लावून फुगवायची. गाडी कलली की बॅगेवर फक्त वरच्या बाजूच्या एका पॅलेटचा जोर येतो, म्हणजे ४२० किलो. बॅगेवर छापलेल्यापेक्षा जास्त दाब भरायचा नाही. पेटीच्या खिळ्याने बॅग फुटली तर पोकळी परत आली, म्हणून दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा किंवा प्लायवूड लावायचं.

लांबीत एक गंमत आहे. जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा टोकाकडचे कंटेनर वर-खालीही होतात आणि खाली जाताना माल हलका होतो. म्हणून लांबीच्या दिशेने जोर ०.४ पटच असला तरी कोड वजन फक्त ०.२ पट धरायला सांगतो. मग घर्षण उरतं ०.०९ आणि अडवायचा जोर होतो ०.३१ गुणिले १२, म्हणजे ३.७ टन. हा जोर दाराकडेही येतो. रस्त्यावर ट्रेलरने करकचून ब्रेक मारला तर पुढच्या भिंतीवर ४.२ टन येतात. म्हणजे न्हावाशेव्याचा रस्ता समुद्राहून सोपा नाही!

म्हणून माल पुढच्या भिंतीला पूर्ण टेकवायचा आणि ४० सेंटीमीटर दाराकडे ठेवायचे. तिथे हवेची बॅग चालत नाही, कारण दार उघडताच ती पॅलेटला बाहेर ढकलते. तिथे लाकडी चौकट हवी: एक आडवं लाकूड पॅलेटच्या अंगाला, दुसरं दाराच्या अंगाला, मध्ये उरलेल्या अंतराचे उभे तुकडे, म्हणजे दाब दाराच्या सगळ्या रुंदीवर पसरतो. बेल्टचं खरं काम इथे आहे: शेवटच्या जोडीवर आडवा, दार उघडल्यावर काही बाहेर येऊ नये म्हणून. लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आयपीपीसी शिक्का हवा. मटक्यांसारखा पेंढा कोंबायचा विचार करू नका. त्यातून कीड जाते आणि ऑस्ट्रेलियासारखे देश तो आत येऊ देत नाहीत.

सील लावण्याआधी बॅटरी घेऊन बघायचं: हात कुठे आत शिरतोय का? शिरला तर मालही शिरेल. आणि माल पोचल्यावर पॅलेटच्या पायाखाली चकाकणारे घासल्याचे पट्टे, लाकडाचा भुसा किंवा लोंबणारा बेल्ट दिसला तर माल शाबूत असला तरी तो वाटभर हललाय, आपल्याला फक्त नशिबाने साथ दिली असं समजायचं.

त्या फोटोनंतर आमच्या कारखान्यात बेल्ट तेवढेच राहिले, फक्त पोकळी भरायला लागले. पुढच्या खेपेला पॅकिंगचे काका मला म्हणाले, "आता कसं, यष्टीसारखं भरलंय!"