पगार की पेमेंट? मुलांच्या स्लिपवरची एक ओळ नीट वाचा

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. एका ताईंनी ४० हजारांचं तातडीचं कर्ज मागितलं. त्यांचा मुलगा शहरात ॲपवरून पार्सल पोचवतो. गाडी घसरली, पाय मोडला, दोन महिने घरी बसून. कर्जाला कुणाची हरकत नव्हती. पण एका काकूंनी विचारलं, "अगं, पोरगा एवढ्या मोठ्या कंपनीत आहे ना? मग दवाखान्याचा खर्च कंपनी का देत नाही?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं की तो कंपनीसाठी काम करतो, पण कंपनीचा कामगार नाही. कागदावर तो 'पार्टनर' आहे, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार. याच ताईंची मुलगी एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला आहे, ती मात्र कामगार आहे. एकाच घरातली दोन भावंडं, पण दोघांच्या पैशाचा हिशोब वेगळा. ताईंना विचारून तो हिशोब इथे मांडते.

आधी मुलीचं बघू. तिचा पगार १५,००० रुपये. त्यातून दर महिन्याला पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये. हातात पडतात १३,०८७. ताई म्हणायच्या, "पोरीचे जवळजवळ दोन हजार दर महिन्याला कुठे जातात कोण जाणे!" पण ते गेलेले नाहीत. तिच्या १,८०० च्या जोडीला मालक स्वतःच्या खिशातून आणखी १,८०० रुपये भरतो. त्यातले १,२५० तिच्या पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० तिच्या पीएफमध्ये. ईएसआयलाही मालक सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८ रुपये भरतो. वर्षाला तिच्या पीएफमध्ये व्याज सोडून २८,२०० रुपये साठतात, आणि पेन्शनकडे १५,००० वेगळे.

ईएसआयमुळे तिला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना ईएसआय दवाखान्यात उपचार मिळतात. कामावर असताना तिला इजा होऊन घरी बसावं लागलं, तर तेवढ्या दिवसांचा मजुरीच्या साधारण ९० टक्के मोबदला मिळतो.

आता मुलाचं. त्याला महिन्याला साधारण १८,००० रुपये येतात. त्यातून कापला जातो फक्त १ टक्का, १८० रुपये. खात्यात १७,८२० जमा. बहिणीपेक्षा साडेचार हजारांनी जास्त, म्हणून घरात त्याची नोकरी 'भारी' समजली जायची. पण पेट्रोल, गाडीची सर्व्हिसिंग, टायर, मोबाइलचा रिचार्ज, सगळं त्याच्याच खिशातून. आम्ही बसून वहीत लिहिलं तेव्हा हा खर्च महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास निघाला. म्हणजे हातात उरले १२,३२०. त्याच्यासाठी पीएफ नाही, ईएसआय नाही, मालकाचा हिस्सा नाही. पाय मोडला त्या दिवसापासून कमाई शून्य.

मग तो १ टक्का कसला? त्याला टीडीएस म्हणतात. पीएफसारखी ती बचत नाही. कंत्राटदाराला पैसे देताना वर्षाची रक्कम १ लाखाच्या वर जात असेल, तर देणाऱ्याने १ टक्का कापून त्याच्या पॅनवर आयकर खात्यात भरायचा, असा नियम आहे. पॅन दिलेला नसेल तर १ टक्क्याऐवजी २० टक्के कापले जातात, म्हणून पॅन आधी जोडून घ्यायला सांगा.

इथे फरक लक्षात घ्या. कामगाराच्या पगारातूनही टीडीएस कापतात, पण मालक आधी वर्षाचा हिशोब करतो आणि कर बसत असेल तरच कापतो. या मुलीच्या पगारावर कर बसतच नाही, म्हणून तिचा टीडीएस शून्य. कंत्राटदाराचा असा हिशोब कुणी करत नाही. कर बसो वा न बसो, १ टक्का कापला जातो. हिशोब त्यानेच करून रिटर्न भरायचं.

या मुलाची २०२४-२५ ची एकूण जमा २,१६,००० रुपये होती. खर्च वजा न करताही ती करपात्र मर्यादेच्या आत आहे. म्हणजे कर शून्य, पण कापलेले २,१६० रुपये सरकारकडे पडून. रिटर्न भरल्यावर ते त्याच्या खात्यात परत आले. आयकराच्या वेबसाइटवर पॅनने लॉगिन केलं की फॉर्म २६एएस मध्ये कुणी किती टीडीएस भरला ते दिसतं. न भरलेल्या रिटर्नचे पैसे आपोआप परत येत नाहीत.

आता एक लबाडी सांगते, कारण ती आपल्या बायकांच्या बाबतीत होते. काही ठिकाणी गोदामात किंवा पॅकिंगला रोज ठरलेल्या वेळी यायचं, मुकादम सांगेल ते करायचं, सुट्टी विचारून घ्यायची, पैसे महिन्याला मिळतात. आणि स्लिपवर पीएफऐवजी '१ टक्का टीडीएस'. काम कामगाराचं आणि कागद कंत्राटदाराचा! असं केलं की मालकाचा पीएफ आणि ईएसआयचा हिस्सा वाचतो. कागदावर 'पार्टनर' लिहिलं म्हणून कुणी कंत्राटदार होत नाही. काम कुणाच्या हुकमाखाली चालतं, वेळ कोण ठरवतं, साधनं कुणाची, काम नाकारता येतं का, हे बघितलं जातं. साधारणपणे २० कामगारांच्या आस्थापनेला पीएफ आणि १० कामगारांच्या आस्थापनेला ईएसआय लागू होतो. ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारालाही पीएफ लागू आहे. अशी शंका आली तर हजेरीचे फोटो, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवा. पीएफ कार्यालयात तक्रार करताना हेच पुरावे लागतात.

ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कायद्यात थोडी जागा झाली आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात 'गिग कामगार' हा शब्द पहिल्यांदा आला. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. मात्र ती कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. पण हा सगळ्यांचा मिळून निधी आहे, मुलीच्या पीएफसारखं प्रत्येकाच्या नावाचं खातं नाही. आणि या संहितेने गिग कामगार कंपनीचा नोकर होत नाही. तरीही योजना येतील तेव्हा नाव नोंदीत असायला हवं, म्हणून ई-श्रमवर आधार लावून नोंदणी करून ठेवा. नोंदणी मोफत आहे.

घरातलं कुणी ॲपवर काम करत असेल तर या आठवड्यात त्याच्याकडून एक स्लिप मागून घ्या. पीएफ लिहिलंय की टीडीएस, ते बघा. टीडीएस असेल तर रिटर्न भरलंय का ते विचारा. ॲपमध्ये अपघात विमा आहे का आणि तो फक्त ऑर्डर हातात असतानाच लागू होतो का, तेही विचारा. आणि त्याच्या कमाईतून दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळी काढा, कारण बहिणीसाठी मालक जे भरतो ते त्याच्यासाठी कुणी भरत नाही.

त्या ताईंचं कर्ज मंजूर झालं. परतफेडीचा पहिला हप्ता आला, त्यात मुलाच्या परत आलेल्या टीडीएसचे २,१६० रुपयेही होते.