चिमूटभर तपकीर, चिमूटभर चुना

पेशावरच्या बाजारात नसवारचे दुकान रंगावरून ओळखता येते. हिरवट, ओलसर, तिखट वासाची भुकटी दुकानदार छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत भरतो आणि गाठ मारतो. गिऱ्हाईक ती एका चपट्या डबीत ओतते. डबीच्या झाकणाला बहुतेक वेळा आरसा असतो. पाने रस्टिका जातीच्या तंबाखूची, म्हणजे सिगारेटच्या तंबाखूहून कितीतरी जास्त निकोटिन असलेली. त्यात राख आणि चुना मिसळतात. ही ओली नसवार बहुधा ओठाखाली किंवा गालात धरतात. नाकाने ओढायची असते ती कोरडी, मैद्यासारखी बारीक, आपल्या तपकिरीची सख्खी बहीण.

या मिश्रणात चुना आणि राख का असतात, हे कळले की मन थक्क होते. निकोटिनचा रेणू दोन रूपांत राहतो. आम्ल वातावरणात तो विद्युतभारित असतो आणि पेशींच्या तेलकट आवरणातून सहज पार होत नाही. वातावरण अल्कधर्मी झाले की भार गळतो आणि तोच रेणू आवरणातून सहज आत शिरतो. सामू ७ असेल तर दहातला जेमतेम एक रेणू मोकळा असतो. सामू ८ झाला की निम्मे, आणि ९ झाला की दहातले नऊ. चुना-राख नेमके हेच करतात. महाराष्ट्रात तळहातावर तंबाखूला चुना लावून मळतात, तिथेही हेच घडते. रसायनशास्त्राची ओळखही नसलेल्या माणसांनी हे केवळ अनुभवातून शोधून काढले होते!

आता नाकाकडे या. नाकपुड्यांच्या आत हाडांच्या वळ्या आहेत आणि त्यांच्यावर पातळ, ओले, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले अस्तर आहे. सगळे उलगडले तर सुमारे १५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढे. आत येणारी हवा क्षणात गरम आणि दमट करायची, म्हणून इतके रक्त तिथे खेळते. चिमूट ओढली की निकोटिन याच रक्तात उतरते. गिळलेल्या निकोटिनचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकते. नाकातून गेलेले मात्र मानेच्या शिरांतून हृदयाकडे, तिथून फुप्फुसांत आणि मग थेट मेंदूत पोचते. सराईत माणसाच्या रक्तातली पातळी दहाएक मिनिटांत कळसाला जाते. नाडी वेगाने चालते, रक्तदाब चढतो, डोके हलके वाटते. परिणाम इतका लवकर मिळतो, म्हणूनच मेंदू चिमूट आणि तरतरी यांची गाठ पक्की बांधतो. धूर नाही म्हणून व्यसन नाही, हा समज इथे खोटा ठरतो.

त्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांची फौज असते. धूळ आणि जंतू अडकलेला शेंबूड ती अखंड घशाकडे ढकलत असते. निरोगी नाकात ही सफाई दहा-वीस मिनिटांत होते. रोज तिखट, कोरडी भुकटी पडत राहिली की ही गती मंदावते, अस्तर सुजते, जाड होते, नाक सतत चोंदते. शिवाय तंबाखूची पाने वाळवताना आणि साठवताना निकोटिन आणि त्याच्या भावंडांपासून नायट्रोसॅमाइन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांतली दोन माणसात कर्करोग घडवणारी म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली आहेत. गालात धरलेल्या तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे पक्के सिद्ध आहे. नाकातल्या तपकिरीविषयीचा पुरावा तितका भरभक्कम नाही, पण संशय फार जुना आहे.

१७६१ साली लंडनचे वैद्य जॉन हिल यांनी तपकिरीच्या अतिरेकाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. वर्षानुवर्षे तपकीर ओढणाऱ्या एका माणसाच्या एकाच नाकपुडीत त्यांना गाठ आढळली. ती काळपट, टणक आणि आतल्या भागाला घट्ट चिकटलेली होती, आणि पुढे तिने कर्करोगाची लक्षणे धारण केली. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध सांगणाऱ्या अगदी आरंभीच्या नोंदींत ही मोजली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासण्याचा तो काळ नव्हता. हिल यांनी फक्त नीट पाहिले.

त्यांच्या नोंदीतली ‘एकच नाकपुडी’ ही खूण आजही डॉक्टर विचारतात. सर्दी दोन्हीकडे पसरते आणि काही दिवसांत ओसरते. एकच बाजू आठवडे चोंदलेली राहिली, तिथून रक्ताळ पाणी आले, गाल बधिर झाला, वरचे दात हलू लागले किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्यावेच. नाकालगतच्या हाडांत पोकळ्या असतात आणि त्यांत गाठीला वाढायला भरपूर जागा मिळते. त्यामुळे दुखू लागेपर्यंत ती बरीच मोठी झालेली असते. म्हणून तपकीर ओढणाऱ्याने दुखण्याची वाट पाहू नये.