सही करण्याआधी करार मराठीत

समजा, पुण्यातल्या एका चहा-नाश्त्याच्या साखळीची फ्रँचायझी कराडच्या शनिवार पेठेतला एक दुकानदार घ्यायला निघाला आहे. कंपनीने त्याच्या हाती 40 पानांचा इंग्रजी करार दिला आहे आणि तो कोणाकडून तरी मराठीत करून घ्यायचा आहे. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी धंद्याची सगळी माहिती लेखी द्यावीच लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. 1872 चा करार कायदा आणि व्यापारचिन्ह कायद्यासारखे काही सर्वसाधारण कायदे यांवरच हा व्यवहार चालतो. त्यामुळे दोघांच्या हक्कांचा आधार मुख्यतः तो कागदच.

अनुवादकाने सर्वांत आधी कराराच्या शेवटच्या पानांवरचे भाषेचे कलम शोधावे. मराठी आणि इंग्रजीत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य, असे तिथे बहुधा लिहिलेले असते. मग मराठी मसुद्याचे काम एवढेच उरते की, दुकानदाराला आपण कशावर सही करतोय ते नेमके कळावे. याचा एक परिणाम असा की, मुळात जे मोघम आहे ते मराठीत सुबक आणि स्पष्ट करण्याचा मोह टाळावा लागतो. अनुवादकाने आपल्या समजुतीने अर्थ पक्का केला, तर दुकानदार त्या अर्थावर विसंबतो आणि वाद झाल्यावर मात्र इंग्रजीतला मोघमपणा कंपनीच्या बाजूने उभा राहतो. म्हणून तीन रकान्यांचा तक्ता उपयोगी पडतो: पहिल्यात कलमाचा क्रमांक, दुसऱ्यात मराठी मजकूर, तिसऱ्यात त्या कलमावर कंपनीला विचारायचा प्रश्न.

क्षेत्राचे कलम घेऊ. ‘दुकानापासून 2 किलोमीटर त्रिज्येत एक्सक्लुझिव्ह हक्क’ असे त्यात म्हटले आहे. ‘एक्सक्लुझिव्ह’ असेल तर त्या वर्तुळात दुसऱ्या कोणाला दुकान देता येत नाही आणि कंपनीलाही स्वतःचे काढता येत नाही. ‘सोल’ असेल तर दुसऱ्याला देता येत नाही, पण कंपनी स्वतः काढू शकते. निदान रूढ अर्थ असे आहेत. दोन्हींसाठी मराठीत ‘एकाधिकार’ लिहिले की हा फरक पुसला जातो. त्याऐवजी ‘कंपनीसह कोणीही’ किंवा ‘कंपनी सोडून कोणीही’ असे वाक्यातच सांगावे.

दुसरा प्रश्न मोजणीचा. 2 किलोमीटर सरळ रेषेत की रस्त्याने? कराडात हा प्रश्न पुस्तकी नाही. कॉलेजांचे विद्यानगर कृष्णेपलीकडे आहे आणि रस्त्याने जायचे तर पुलावरूनच जावे लागते. चहाचे गिऱ्हाईक असलेली पोरे वर्तुळात येतात की बाहेर राहतात, हे मोजण्याच्या पद्धतीवर ठरू शकते. करारात पद्धत लिहिलेली नसेल, तर अनुवादकाने ‘सरळ रेषेत’ हे शब्द पदरचे घालू नयेत. प्रश्न तिसऱ्या रकान्यात जावा आणि उत्तर म्हणून हद्द दाखवलेला नकाशाच मागावा.

तिसरी गोष्ट अपवादांची. बसस्थानक, महामार्गावरचे फूड मॉल, रुग्णालये, कॉलेजची आवारे आणि ऑनलाइन विक्री कंपनीने स्वतःकडे राखून ठेवल्याचे वाक्य बहुतेक वेळा व्याख्यांच्या पानात असते. मलकापूरच्या किचनमधून ॲपवर आलेली ऑर्डर शनिवार पेठेत पोचवली, तर हक्काचा भंग होतो का? ‘ऑनलाइन विक्री राखीव’ असेल तर होत नाही. हा अपवाद मराठीत क्षेत्राच्या कलमाखालीच, मूळ जागेचा क्रमांक देऊन, पुन्हा मांडावा.

रॉयल्टीच्या कलमात नुसते शब्द बदलून भागत नाही, आकडेमोडही करून दाखवावी लागते. रॉयल्टी नफ्यावर नसते, विक्रीवर असते. दुकान तोट्यात असले तरी ती द्यावी लागते. आपल्या करारात ती ‘ग्रॉस सेल्स’च्या 6 टक्के आहे. याला ‘उत्पन्न’ म्हणणे चूक आहे, आणि ‘एकूण विक्री’ म्हटले तरी तिच्यात काय धरले, काय वगळले ते व्याख्येतून उचलून तिथेच लिहावे.

महिन्याची विक्री जीएसटी सोडून 5 लाख रुपये धरू. त्यातले 2 लाख डिलिव्हरी ॲपवरून आले आणि ॲपने 25 टक्के, म्हणजे 50 हजार, कमिशन कापले. दुकानदाराच्या खात्यात साडेचार लाखच आले. पण कमिशन वजा करायचे असे करारात नसेल, तर रॉयल्टी 5 लाखांवर लागते: 27 हजार नव्हे, 30 हजार. मार्केटिंग फंडाचे 2 टक्के, म्हणजे 10 हजार, वेगळे. या 40 हजारांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,200. रेस्टॉरंट 5 टक्के जीएसटीच्या पद्धतीत असेल, तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून हे 7,200 खर्चातच जातात. एकूण 47,200. कलमात 6 टक्के दिसत असले, तरी खिशातून जवळपास साडेनऊ टक्के जातात.

त्याच कलमात पुढे ‘किंवा दरमहा किमान 25 हजार, यांपैकी जे जास्त असेल ते’ असे शब्द आहेत. मराठीत नुसते ‘किंवा’ उरले, तर निवड आपल्या हाती आहे असे वाटते. कॉलेजच्या सुट्टीत विक्री 3 लाखांवर आली, तर 6 टक्क्यांनी 18 हजार होतात, पण द्यावे लागतात 25 हजार.

ब्रँडच्या निकषांचे कलम बहुधा चार ओळींचे असते आणि सगळे ओझे दुसरीकडे ठेवलेले असते. ‘वेळोवेळी बदलल्या जाणाऱ्या मॅन्युअलप्रमाणे दुकान चालवावे’ एवढेच लिहिले, की सहीनंतर निघालेला प्रत्येक नियमही करारात शिरतो. कच्चा माल ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा, दर पाच वर्षांनी फर्निचर आणि पाटी नवी करायची, ग्राहक बनून आलेल्या तपासनिसाने कमी गुण दिले तर 15 दिवसांत सुधारणा करायची, अशा अटी मॅन्युअलमध्ये असू शकतात. निदान त्याची अनुक्रमणिका आणि खर्चाशी संबंधित पाने सहीपूर्वी मागून मराठीत आणावीत.

इथे क्रियापदांकडे लक्ष हवे. दुकानदाराच्या वाट्याला ‘शॅल’ येते आणि कंपनीच्या वाट्याला ‘मे’. मराठीत दोन्हीकडे ‘करेल’ लिहिले, की दोघांवर सारखे बंधन असल्याचा भास होतो. ‘दुकानदाराने नूतनीकरण केलेच पाहिजे, कंपनी जाहिरात करू शकेल, पण तिच्यावर बंधन नाही’ असे उघड लिहावे. दुसरे वाक्य वाचल्यावर मार्केटिंगचे 10 हजार नेमके कशासाठी, हा प्रश्न दुकानदाराला आपोआप सुचतो.

शेवटी तिसरा रकाना कंपनीकडे पाठवावा. फोनवर मिळालेल्या उत्तरांचा उपयोग नाही, कारण ‘या कागदाबाहेरचे कोणतेही आश्वासन बंधनकारक नाही’ असे कलम अशा करारात सहसा असते. उत्तरे इंग्रजीत लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह, कराराला परिशिष्ट म्हणून जोडावी लागतात आणि तो मसुदा वकिलाला दाखवावा लागतो. सुरुवातीची फ्रँचायझी फी बहुतेक करारांत परत मिळत नाही, त्यामुळे हे सारे चेक देण्याआधी व्हायला हवे.