ग्वारीघाटावरच्या पाटीतला ‘देवी’

जबलपूरच्या ग्वारीघाटावर एका मंदिराच्या पाटीवर आद्य शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या नर्मदाष्टकाचं ‘त्वदीय पादपङ्कजं नमामि देवि नर्मदे’ हे ध्रुपद आहे. पाटीचा फोटो मोठा करून पाहिला, तर ‘देवी’ दीर्घ रंगवलंय. इथे हाक आहे, म्हणून संबोधनाचं ऱ्हस्व ‘देवि’ हवं. पंचचामरात लघु-गुरू आलटून पालटून येतात. तेरावं अक्षर ‘वि’ लघुच लागतं. ‘पादपङ्कजं’वरचा अनुस्वारही तपासा. तो गेला, की वंदन कशाला हे सांगणारं कर्मच हरवतं.

शब्दार्थ एवढाच: देवी नर्मदे, तुझ्या चरणकमळाला मी नमस्कार करतो. नदीला पाय कुठले? भक्त घाटाला लागलेल्या पाण्यालाच चरण मानतो. हा भावार्थ मला फार प्रिय आहे, पण तो अनुवादात न मिसळता खाली वेगळ्या ओळीत लिहावा.